तळणीचं तेल कधी बदलायचं आणि १८० अंशांच्या वर का जायचं नाही: आचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेल बदलण्याचं नवं वेळापत्रक आणि तापमानाची मर्यादा भटारखान्यात लावल्यापासून तिन्ही पाळ्यांमधून प्रश्न येताहेत. काही तोंडी आले, काही वहीत लिहून आले, बरेचसे रात्री फोनवर आले. जे पुन्हा पुन्हा आले तेवढे इथे घेतले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. साहेब, नेमका नियम काय आहे? एका दमात सांगा.

तळताना तेल १८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही. वडे, भजी, समोसे १७० ते १७५ मध्ये तळायचे. दिवसातून दोनदा, म्हणजे सकाळी तळण सुरू करण्याआधी आणि दुपारचं जेवण उरकल्यावर, मीटरने टीपीसी, म्हणजे तेल किती बिघडलं ते सांगणारा आकडा, मोजून वहीत लिहायचा. वाचन २२ किंवा त्याच्या वर आलं की ते तेल पुन्हा तापवायचं नाही, लगेच काढायचं. वाचन कमी असलं तरी एक तेल तीन दिवसांच्या वर चालवायचं नाही. मीटर आणि तीन दिवस यांतलं जे आधी येईल ते धरायचं.

२. डब्यातलं रिफाइंड तेल २२०-२३० अंशांपर्यंत धूर सोडत नाही. मग १८० ला का अडवता?

तो आकडा ताज्या तेलाचा आहे. कढईत दोन दिवस तापलेल्या तेलाला तो लागू होत नाही. वड्यातलं, भज्यातलं पाणी गरम तेलात उतरतं आणि तेल फोडून त्यातून सुटी आम्लं मोकळी करतं. ही आम्लं वाढली की तेल आधीच्यापेक्षा कमी तापमानाला धुरायला लागतं. जे तेल पहिल्या दिवशी २२० ला शांत होतं तेच तिसऱ्या दिवशी १९० च्या आसपास धूर सोडताना दिसतं. डोळ्यांना झोंबणारा हा धूर भट्टीसमोर उभं राहून तुम्हीच छातीत घेता.

धूर निघत नसला तरी तेल खराब होतच असतं. जितकं जास्त तापेल तितक्या वेगाने त्यात हवेतला प्राणवायू शिरतो, तेल घट्ट होतं आणि कढईच्या कडेला तो चिकट तपकिरी थर धरतो. म्हणून तापमानाची मर्यादा पाळली तर तेल बदलण्याची वेळही लांबते. हे दोन नियम वेगळे वाटतात, पण एक मोडला की दुसरा आपोआप मोडतो.

आणखी एक कारण बटाटा आणि पीठ यांच्याशी निगडित आहे. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तळले की त्यात ॲक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायन तयार होतं, आणि पदार्थ गडद तपकिरी होत जातो तसं ते झपाट्याने वाढतं. युरोपात बटाट्याच्या फ्राइजसाठी तेल १७५ अंशांच्या खाली ठेवायचं असं २०१७ च्या नियमातच लिहिलेलं आहे. आपले वडे सोनेरी रंगावर काढा, चॉकलेटी होईपर्यंत थांबू नका.

३. आम्ही पिठाचा थेंब टाकून तेल ओळखतो. थर्मामीटर कशाला?

थेंब लगेच वर आला की तेल तळण्याजोगं झालं, इतकं त्यावरून नक्की कळतं. पण १७० ला थेंब जसा वर येतो तसाच २०० लाही येतो. खालची हद्द थेंब सांगतो, वरची सांगत नाही. आपली मर्यादा वरच्या बाजूला आहे, म्हणून थर्मामीटर हवा.

सळईचा थर्मामीटर वापरा. टोक तेलाच्या मध्यावर ठेवा, कढईच्या बुडाला किंवा कडेला टेकू देऊ नका, कारण तिथला धातू तेलापेक्षा जास्त तापलेला असतो. दुरून लाल ठिपका मारणारी बंदूक तळणीला चालत नाही. ती फक्त वरचा पृष्ठभाग वाचते आणि वाफेने फसते.

दर सोमवारी थर्मामीटर खळखळ उकळत्या पाण्यात धरून पाहा. पुण्याच्या उंचीवर पाणी १०० ला उकळत नाही, साधारण ९८ ला उकळतं. म्हणून ९८ दिसलं तर थर्मामीटर बरोबर आहे. ९४ किंवा १०२ दिसलं तर कोठीत परत द्या आणि दुसरा घ्या.

४. आम्ही १७५ लाच सुरू करतो. तरी वहीत २०५, २१० असे आकडे कसे येतात?

ते आकडे तळतानाचे नसतात. दोन घाण्यांच्या मधले असतात. सगळ्यात जास्त तेल इथेच खराब होतं, म्हणून हे सविस्तर सांगतो.

मोठ्या कढईत २० लिटर तेल आहे आणि ते १७५ वर आहे असं धरा. त्यात ६० ग्रॅमचे ४० वडे सोडले, म्हणजे जवळजवळ अडीच किलो गार माल. थर्मामीटर दोन मिनिटांत १५० च्या आसपास उतरतो. वडे तेल पितील या भीतीने आपण बर्नर पूर्ण उघडतो, आणि ते बरोबरही आहे. वड्यांमधून पाण्याची वाफ निघत असते तोवर बर्नरची बरीचशी उष्णता त्या पाण्यात खर्च होते, त्यामुळे मोठ्या आचेवरही तेल हळूहळू चढतं. मग झाऱ्याने वडे काढले. आता उष्णता खाणारं काहीच उरलं नाही, आणि बर्नर मात्र पूर्ण उघडा. इतक्यात कोणी ट्रे उचलायला गेलं, कोणी चटणीचं पातेलं सरकवायला गेलं, तर दोन-तीन मिनिटांत तेल २०० ओलांडतं. पुढचा घाणा पडला की पुन्हा खाली येतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. नाष्ट्याच्या वेळेत हे असं दहा-बारा वेळा झालं की दुपारच्या वाचनात त्याचा परिणाम दिसतो.

उपाय साधा आहे. शेवटचे वडे काढायला झारा उचलला की आधी दुसऱ्या हाताने बर्नर निम्म्यावर आणा, मग वडे काढा. पुढचा घाणा थाळ्यात तयार नसेल तर बर्नर अगदी मंद करा. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त खंड पडणार असेल तर सरळ बंद करा. पुन्हा तापायला जेवढा गॅस लागतो त्यापेक्षा खराब झालेलं तेल महाग पडतं.

गर्दी झाली म्हणून एका वेळी ६० वडे सोडू नका. तेल इतकं उतरतं की वडे तळाशी बसतात, तेल पितात, आणि मग ते चढवायच्या नादात आपणच मर्यादा मोडतो. ४० चा घाणा लवकर होतो, त्यामुळे तासाभरात तेवढेच वडे निघतात.

५. टीपीसी म्हणजे काय? कायदा २५ सांगतो, मग आपण २२ ला का थांबायचं?

तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्याचे रेणू तुटतात, प्राणवायू घेतात, एकमेकांना चिकटतात. त्यातून जे बिघडलेले घटक तयार होतात त्यांना ध्रुवीय संयुगं म्हणतात. शंभर भाग तेलात असे एकूण किती भाग आहेत तो आकडा म्हणजे टीपीसी. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा लावली आहे. त्याच्या वर गेलेल्या तेलात तळणं हा नियमभंग आहे, मग पदार्थ कितीही चांगला दिसो.

आपल्या हातातल्या मीटरच्या वाचनात एक-दोन टक्के इकडेतिकडे होतात. मीटर २४ दाखवत असेल तर खरा आकडा २६ असू शकतो. शिवाय सकाळी २३ असलेलं तेल दुपारपर्यंत २३ राहत नाही. म्हणून २२ ठेवले आहेत.

नव्या डब्याचं वाचन शून्य येत नाही, त्यामुळे घाबरू नका. ताज्या तेलातही काही टक्के असतातच, आणि पामतेलाचं वाचन सोयाबीन तेलापेक्षा जास्त असू शकतं. डबा फोडला की कढईत ओतून पहिल्यांदा तापल्यावर एक वाचन घ्या आणि डब्याच्या बॅच क्रमांकासोबत लिहा. पुढची वाढ त्यावरून मोजता येते.

६. एकाच कढईत मीटर कधी १६ दाखवतो, कधी २१. कोणता आकडा धरायचा?

बहुतेक वेळा २१ वालं वाचन तळण चालू असताना घेतलेलं असतं. तेलात पाण्याचे बुडबुडे असले की मीटर फसतो आणि आकडा फुगतो. सगळा माल काढा, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे साधारण पाच मिनिटं, वाट पाहा. झाऱ्याने तेल एकदा खालवर करा. मग मीटर त्याच्यावरच्या दोन खुणांच्या मध्ये येईल इतकाच बुडवा, कढईच्या धातूपासून बोटभर लांब ठेवा, आणि हलक्या हाताने फिरवत आकडा स्थिर होऊ द्या. तेल कोमट असताना मोजू नका, १५० ते १८० मध्ये मोजा, म्हणजे रोजचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. झाल्यावर मऊ कागदाने पुसा. तारेच्या घासणीने घासलं की टोकावरचा सेन्सर जातो.

दोन वाचनांत फरक आलाच तर तिसरं घ्या. तरीही शंका राहिली तर मोठा आकडा धरा.

७. भज्यांचं तेल पहिल्याच दिवशी काळं होतं, पण मीटर १३ दाखवतो. पुऱ्यांचं तेल स्वच्छ दिसतं आणि मीटर २३ दाखवतो. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की मीटरवर?

मीटरवर. भज्यांच्या पिठातलं तिखट, हळद आणि जळालेला चुरा तेलाला रंग देतात. तो रंग तेल बिघडल्याचा नसतो. पुरीत तिखट नसतं आणि चुराही कमी पडतो, त्यामुळे बिघडलेलं तेलही पिवळं राहतं. लांबून बघून “अजून चालेल” म्हणायचा मोह पुऱ्यांच्याच कढईत जास्त होतो.

मात्र एका बाबतीत डोळे आणि नाक मीटरपेक्षा वरचढ धरायचे. १७० लाच धूर येत असेल, माल काढल्यावरही बारीक पिवळा फेस कढईभर पसरून राहत असेल, किंवा झाऱ्यावरून तेल पाकासारखं घट्ट ओघळत असेल, तर मीटर १८ दाखवत असला तरी तेल काढा आणि मला फोन करा.

८. तेल कमी झालं की वरून ताजं ओततो. त्याने वाचन खाली येतं. मग काय बिघडलं?

आकडा खाली येतो, बिघडलेला भाग तिथेच राहतो. हिशोब करून पाहू. कढईत १४ लिटर तेल आहे, वाचन २४. त्यात ६ वाचनाचं ६ लिटर ताजं तेल ओतलं. आता २० लिटरचं वाचन साडेअठराच्या आसपास येईल. वहीत चांगलं दिसेल. पण त्या १४ लिटरमधली सगळी आम्लं आणि चिकट घटक कढईतच आहेत, आणि ते ताज्या तेलालाही लवकर बिघडवतात. दुपारपर्यंत आकडा पुन्हा चढतो, आणि सहा लिटर चांगलं तेल हातचं जातं.

म्हणून भर घालायची ती सकाळच्या वाचनानंतर, आणि वाचन १८ किंवा त्याहून कमी असेल तरच. १९ ते २१ असेल तर आहे तेवढ्या तेलात, लहान घाणे टाकून, तो दिवस काढा आणि संध्याकाळी तेल बदला. २२ च्या पुढे एक थेंबही भर नको. भर घातली तरी तीन दिवसांची मोजणी पहिल्या दिवसापासूनच धरायची, नव्याने सुरू करायची नाही.

९. रात्री तेल कढईतच झाकून ठेवलं तर चालेल का?

नाही. तळाशी बसलेला जळका चुरा रात्रभर तेलात राहतो आणि सकाळी पुन्हा जळतो. शिवाय कढईचं तोंड रुंद असल्याने हवा भरपूर लागते. गॅस बंद केल्यावर तेल हाताळण्याजोगं गार होऊ द्या. साधारण ६० अंशांवर ते अजून पातळ असतं आणि नीट गाळलं जातं. आधी तारेच्या चाळणीतून, मग दुहेरी मलमलमधून गाळून स्टीलच्या पिंपात भरा, घट्ट झाकण लावा, भट्टीपासून लांब ठेवा. पिंपावर तेल सुरू केल्याची तारीख आणि कढईचा क्रमांक लिहा. तांब्या-पितळेचं भांडं नको, त्या धातूंनी तेल लवकर खवट होतं.

कढई साबणाने घासली तर दोन पाण्यांनी धुवा आणि आचेवर धरून पूर्ण कोरडी करा. राहिलेला साबण तेलाला फेस आणतो. राहिलेलं पाणी उडतं आणि हात भाजतो.

दिवसभरात वर तरंगणारा चुरा प्रत्येक घाण्यानंतर काढायचा, तो रात्रीपर्यंत ठेवायचा नाही. भज्यांच्या कढईला हे सगळ्यात जास्त लागू आहे.

१०. पुरी १८० ला फुगत नाही. तिला कडकडीत तेल लागतं. तिच्यासाठी सूट मिळेल का?

सूट नाही. १८० ला पुरी फुगते, फक्त कणीक तशी हवी. सैल कणकेची, कडा जाड आणि मधे पातळ लाटलेली किंवा पंख्याखाली सुकलेली पुरी २०० लाही नीट फुगत नाही. कणीक घट्ट मळा, लाटी एकसारखी लाटा, लाटलेल्या पुऱ्यांवर ओलसर फडकं टाका. कढईत एका वेळी सहा-सातच सोडा आणि झाऱ्याने हलकं दाबा. दहा-बारा एकदम सोडल्या की तेल १६५ पर्यंत पडतं आणि मग दोष तापमानाच्या मर्यादेला दिला जातो.

११. उपासाच्या दिवशी साबुदाणा वडे आणि बुधवारी मासे. यांचं तेल वेगळं का?

उपासाचे वडे ताज्या तेलातच होतात. कांदा-लसणाच्या भज्यांचं तेल त्यांना चालत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण त्या दिवसानंतर तेच तेल इतर पदार्थांना वापरता येतं, तीन दिवसांच्या मोजणीत तो पहिला दिवस. साबुदाण्यात पाणी राहिलं तर वडा तेलात फुटतो आणि पिठूळ चुरा कढईभर पसरतो. साबुदाणा नीट निथळून घ्या, १७० ला तळा, आणि फुटलाच तर तो चुरा लगेच काढा.

माशांची कढई, झारा आणि पिंप कायम वेगळं ठेवायचं. शाकाहारी मंडळींचा विश्वास हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे काहींना माशांची ॲलर्जी असते आणि गाळल्याने ती भीती जात नाही. मीठ-तिखट लावलेल्या ओल्या माशांनी तेल लवकर बिघडतं, म्हणून माशांचं तेल आपण एकाच दिवशी वापरतो आणि संध्याकाळी काढतो, वाचन काहीही असो.

१२. काढलेलं तेल भाजीच्या फोडणीला घालू का? नाहीतर आम्ही घरी नेतो.

दोन्ही नको. घरी पापड-कुरडया तळून उरलेलं वाटीभर तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीला वापरणं वेगळं. ते तेल एकदाच तापलेलं असतं. इथलं तेल दिवसभर शेकडो वडे तळून काढलेलं असतं. ते फोडणीला घातलं की त्यातलं सगळं बिघडलेलं थेट ताटात जातं. आणि जे आपण कामगारांना वाढत नाही ते आपल्या मुलांच्या ताटात का जावं? तेलाची नड असेल तर मला सांगा, त्यासाठी वेगळा मार्ग काढू.

१३. मग ते जातं कुठे?

मागच्या शेडमधल्या कुलूपबंद निळ्या पिंपात. त्यावर “वापरलेलं तेल, खाण्यासाठी नाही” असं लिहिलेलं आहे. ते फक्त अधिकृत संकलकाला द्यायचं आणि त्याच्याकडून वजनाची पावती घ्यायची. या तेलापासून बायोडिझेल बनतं. एफएसएसएआयने २०१८ मध्ये सुरू केलेली ‘रुको’ योजना याचसाठी आहे. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल तळणीला लागणाऱ्यांना मार्च २०१९ पासून याची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. आपला वापर काही दिवशी त्याच्या खाली असतो, तरी नोंद रोज होते.

दारात येणारा भंगारवाला जास्त भाव देतो. ते तेल स्वच्छ करून पुन्हा कुठल्यातरी गाडीवर खायला जाण्याची भीती असते, म्हणून त्याला नाही. मोरीतही ओतायचं नाही, ते गार झाल्यावर पाइपात गोठतं.

१४. मीटर बंद पडला तर?

त्या दिवशी एका दिवसाचं तेल धरायचं. सकाळी ताजं किंवा कालच्या वाचनात १५ च्या खाली असलेलं तेल घ्या, संध्याकाळी काढा, आणि वहीत “मीटर बंद” लिहा. अंदाजाचा आकडा लिहू नका. प्रश्न ७ मधली तीन लक्षणं दिसली तर संध्याकाळचीही वाट पाहू नका.

१५. तेल २१० वर गेलेलं दिसलं तर काय करायचं? आणि पेटलंच तर?

२१० ला बर्नर बंद करा आणि तेल आपोआप उतरू द्या. उतरवायला गार तेल, बटाटे किंवा पाणी टाकू नका. १७५ आल्यावर वाचन घ्या, वहीत वेळ आणि तापमान लिहा. लिहिलं म्हणून कोणालाही बोल लावला जाणार नाही. न लिहिलेलं मात्र मला दुसऱ्या दिवशीच्या वाचनावरून कळतं.

तेल पेटलं तर पहिला हात गॅसच्या कॉकवर. मग लोखंडी झाकण स्वतःच्या बाजूने पलीकडे सरकवत कढईवर ठेवा आणि गार होईपर्यंत उचलू नका. पाणी कधीही नाही. ते तेलाच्या खाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल बाहेर फेकतं. कढई उचलून बाहेर न्यायचा प्रयत्न करू नका. झाकणाने विझलं नाही तर भिंतीवरचं तळणीच्या आगीसाठीचं वेगळं अग्निशामक वापरा, लांबून फवारा, आणि सगळ्यांना बाहेर काढा.

१६. रात्रपाळीत दोन वाजता मीटरने २३ दाखवले. कोठी बंद, तीनशे माणसं नाष्ट्याला येणार. अशा वेळी एक रात्र चालवलं तर?

चालवायचं नाही. कोठीची एक चावी आता रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे असते, त्याला उठवा. तो सापडला नाही तर मेनू बदला. उपम्याचा रवा आणि पोहे रात्रीच्या कपाटात मुद्दाम ठेवलेले असतात, त्यांना फोडणीपुरतं तेल लागतं आणि ते त्याच कपाटातल्या लहान डब्यात आहे. वडे का नाहीत असं कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. सकाळी सहाला मी येतो, तोवर ते तेल निळ्या पिंपात गेलेलं असावं आणि वहीत २३ लिहिलेलं असावं.